सव्वाच्या उलट पाऊण नव्हे

गणित येत नसल्याचा अभिमान बाळगणारी माणसं मला एक वेळ चालतात. ‘आपल्याला बुवा हिशेब कधी जमला नाही,’ असं म्हणून ती हसतात, मागितले तेवढे पैसे देतात आणि घरी जातात. त्यांचा कुणाला त्रास नाही. माझं भांडण आहे ते टक्केवारी येणाऱ्या माणसांशी. त्यातही टक्केवारी इतकी चांगली येते की वाक्य उलटं फिरवताना आकडा तपासायची गरजच वाटत नाही, अशा माणसांशी.

ही माणसं काय करतात? ती म्हणतात, “अमुक हे तमुकपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त आहे, म्हणजेच तमुक हे अमुकपेक्षा २५ टक्क्यांनी कमी आहे.” हे जे मधलं ‘म्हणजेच’ आहे ना, ते माझं वैरी आहे. ते इतकं साळसूद दिसतं की त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. दोन वाक्यांच्या मध्ये ते गरीब गाईसारखं उभं असतं आणि जाता जाता पाच टक्के खाऊन टाकतं. कारण खरा हिशेब असा, की अमुक तमुकपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त असेल, तर तमुक अमुकपेक्षा फक्त २० टक्क्यांनी कमी असतो.

“हे कसं शक्य आहे? फरक एकच ना?” असं म्हणून लोक माझ्याकडे संशयाने पाहतात. फरक एकच आहे, हे कबूल. पण तो मोजणारे दोघे आहेत.

आपल्या वाडवडिलांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. जुन्या शाळांतून पोरं पाढ्यांच्या पाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी घोकत असत. शिवाय त्यांच्या खिशातला रुपया सोळा आण्यांचा होता. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर भाग झाले. हिशेब सोपा झाला म्हणतात, झालाही असेल. पण सोळा आण्यांच्या रुपयात ही गोष्ट जशी लख्ख दिसायची, तशी शंभरात दिसत नाही. म्हणून थोडा वेळ त्या जुन्या रुपयाकडे परत जाऊ.

तुमच्याकडे सोळा आणे आहेत आणि माझ्याकडे वीस आणे. फरक चार आण्यांचा. आता तुम्ही स्वतःच्या सोळा आण्यांकडे बघून म्हणता, “याच्याकडे माझ्यापेक्षा चार आणे जास्त. चार आणे म्हणजे माझ्या रकमेचा चौथा हिस्सा. म्हणजे याच्याकडे पावपट जास्त.” बरोबर! पावपट म्हणजेच २५ टक्के. आता मी माझ्या वीस आण्यांकडे बघतो आणि म्हणतो, “याच्याकडे माझ्यापेक्षा चार आणे कमी. चार आणे म्हणजे माझ्या रकमेचा पाचवा हिस्सा.” हेही बरोबर. आणि पाचवा हिस्सा म्हणजे २० टक्के. आणे तेच, चारच्या चार. तुमच्या लहान रकमेशेजारी ते मोठे दिसले, माझ्या मोठ्या रकमेशेजारी लहान. गणितातली सगळी गुंतागुंत ही एवढीच आहे. यासाठी पदवी लागत नाही, डोळे लागतात.

आता ‘म्हणजेच’वाल्यांचं ऐकलं तर काय होतं ते पाहा. त्यांच्या मते सव्वापटीच्या उलट पाऊणपट. ठीक आहे. सोळा आण्यांची सव्वापट करा : वीस आणे झाले. आता त्या विसांतून पाव भाग काढा : पाच आणे गेले, उरले पंधरा. म्हणजे पावपट वाढवली आणि पाव भाग कमी केला, तर रुपयाचे पंधरा आणे झाले. एक आणा कुठे गेला? चोरी झाली नाही, हरवला नाही, कुणाला दिला नाही. तो ‘म्हणजेच’ने खाल्ला. परतीचं भाडं चार आणे असताना गाडीवाल्याने पाच घेतले आणि तुम्ही हसत हसत दिले, त्यातला प्रकार. आधी कमी करून मग वाढवलंत तरीही सुटका नाही. सोळातून पाव भाग काढा : बारा. बाराची सव्वापट : पुन्हा पंधराच. त्या आण्याला कोणत्याही वाटेने गेलं तरी मुक्ती नाही.

लोक ही चूक का करतात, यावर मी बराच विचार केला आहे. माझ्या मते दोष इंचांचा आहे. लहानपणापासून आपण म्हणतो, “दादा माझ्यापेक्षा चार इंच उंच आहे, म्हणजेच मी दादापेक्षा चार इंच बुटका आहे.” हे शंभर नंबरी खरं आहे. इथलं ‘म्हणजेच’ प्रामाणिक आहे. किलोचंही तसंच, रुपयांचंही तसंच. कारण इंच ना दादाचा, ना माझा. तो फूटपट्टीवरचा. दादाला मोजताना तो लांबत नाही आणि मला मोजताना आखडत नाही. पण टक्क्याला स्वतःची लांबी नाही. टक्का म्हणजे समोरच्या वस्तूचे शंभर तुकडे करून त्यातला एक. वस्तू मोठी तर तुकडा मोठा, वस्तू लहान तर तुकडा लहान. चाळीस हजारांचा टक्का चारशे रुपयांचा, पन्नास हजारांचा टक्का पाचशेचा. आपण दोन्हींना ‘एक टक्का’ एवढंच म्हणतो आणि फसतो.

हे चाळीस आणि पन्नास हजार मी हवेतून काढलेले नाहीत. माझ्या धाकट्या मेव्हण्याचा पगार पन्नास हजार होता आणि माझा चाळीस, त्या काळातली ही गोष्ट. आम्ही सहकुटुंब हॉटेलात जेवायला गेलो होतो. बडीशेपेची बशी आली आणि तो मोठ्या प्रेमाने म्हणाला, “दाजी, बिल मी देतो. तुमचा पगार माझ्यापेक्षा २५ टक्क्यांनी कमी आहे, मला कळतं ना.”

आता २५ टक्क्यांनी त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता, हे खरंच होतं. पण माझा त्याच्यापेक्षा २५ टक्क्यांनी कमी? त्याच्या पन्नास हजारांचे २५ टक्के म्हणजे साडेबारा हजार. ते वजा केले तर माझा पगार साडेसदतीस हजार ठरतो. म्हणजे या पोराने बडीशेप चघळता चघळता माझ्या खिशातून दरमहा अडीच हजार रुपये काढून घेतले, तेही उपकाराच्या भाषेत! मी बोलणार तोच हिने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी गप्प बसलो. तत्त्वासाठी माणसाने जरूर भांडावं, पण समोरचा बिल देत असताना नव्हे.

घरातल्या घरात ही चूक खपून जाते. बाजारात तिची किंमत मोजावी लागते. टूथपेस्टच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, ‘२५ टक्के जादा, त्याच किमतीत’. शेजारच्या खोक्यावर, दुसऱ्या पेस्टच्या, लिहिलेलं असतं, ‘किमतीत २० टक्के सूट’. माणूस पहिलं खोकं उचलतो, कारण पंचवीस हे विसापेक्षा मोठे असतात हे त्याला पहिलीतच शिकवलेलं असतं. आता हिशेब करा. नेहमीची पेस्ट दोन्हीकडे १०० ग्रॅम, १०० रुपयांना. म्हणजे रुपयाला ग्रॅम. जादावाल्या खोक्यात १०० रुपयांत १२५ ग्रॅम मिळाली. ग्रॅम पडला ८० पैशांना. सूटवाल्या खोक्यात ८० रुपयांत १०० ग्रॅम मिळाली. ग्रॅम पडला ८० पैशांनाच. दोन्ही खोकी तंतोतंत सारखी. आणि तिसऱ्या खोक्यावर जर खरोखरच ‘२५ टक्के सूट’ असेल, तर तिथे ग्रॅम ७५ पैशांना पडतो. तेवढी स्वस्ताई जादा मालाच्या भाषेत सांगायची तर ‘३३ टक्के जादा’ असं छापावं लागेल, आणि वर एक तृतीयांश टक्क्याची शेपटी जोडावी लागेल. म्हणून ‘जादा’ आणि ‘सूट’ यांचे टक्के एकमेकांशेजारी ठेवून लहानमोठे ठरवू नयेत. दोन्हीकडचा ग्रॅमचा भाव काढावा. दुकानदार घाई करील. करू दे.

पण न्यायाचं बोलायचं तर प्रत्येक वेळी दुकानदारच लबाड असतो असं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर उतरले. वातानुकूलन यंत्रावरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. अठ्ठावीसातून अठरा गेले, राहिले दहा. तेव्हा यंत्र दहा टक्क्यांनी स्वस्त झालं पाहिजे, अशी गर्जना मी अनेकांच्या तोंडून ऐकली. समजा, करावाचून यंत्राची किंमत ३०,००० रुपये आहे. पूर्वी त्यावर ८,४०० रुपये कर, एकूण ३८,४००. आता ५,४०० रुपये कर, एकूण ३५,४००. वाचले ३,००० रुपये. पण गिऱ्हाईक ३८,४०० ची जुनी पावती फडकावत तिच्यावर दहा टक्के मागतो, म्हणजे ३,८४०. हे वरचे ८४० रुपये दुकानदाराने कुठून आणायचे? कराचे दहा टक्के हे ३०,००० चे होते आणि गिऱ्हाईक ते ३८,४०० चे समजून भांडत होता. त्याच्या पावतीच्या हिशेबाने यंत्र ७.८ टक्क्यांनी स्वस्त झालं होतं. दुकानदार बिचारा ‘साहेब, बसत नाही हो’ एवढंच म्हणत राहिला. का बसत नाही, ते त्यालाही सांगता आलं नाही. दोघेही एकमेकांना चोर समजून घरी गेले. वास्तविक चोर तिसराच होता, आणि त्याचं नाव आता तुम्हाला ठाऊक आहे.

आणि हे सगळं टूथपेस्ट आणि यंत्रांपुरतं मर्यादित आहे, असं समजू नका. या एका ‘म्हणजेच’ने अख्ख्या देशाचा गोंधळ उडू शकतो. ६ जून १९६६ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. आदल्या दिवसापर्यंत एक डॉलर ४ रुपये ७६ पैशांना होता, तो ७ रुपये ५० पैशांना झाला. आता हे अवमूल्यन किती टक्क्यांचं? रुपयाकडून बघा : रुपयाची डॉलरमधली किंमत साडेछत्तीस टक्क्यांनी उतरली. डॉलरकडून बघा : डॉलरची रुपयातली किंमत साडेसत्तावन्न टक्क्यांनी चढली. दोन्ही आकडे खरे. एकाच रात्रीत, एकाच निर्णयाने, एकाच दोन भावांच्या मधल्या फरकाने जन्मलेले हे जुळे भाऊ. पण एक साडेछत्तीस किलोचा आणि दुसरा साडेसत्तावन्न किलोचा!

बोलणाऱ्याला यातला कोणता हवा, ते तो कोणत्या बाजूला बसला आहे यावर अवलंबून. ज्याला धक्का सौम्य करून सांगायचा आहे, तो म्हणणार, रुपया साडेछत्तीस टक्क्यांनी उतरवला. ज्याला टेबलावर मूठ आपटायची आहे, तो म्हणणार, परदेशी माल साडेसत्तावन्न टक्क्यांनी महाग केला. दोघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नाही. पण मधल्यामध्ये एका कारखानदाराची कल्पना करा. त्याला परदेशातून हजार डॉलरचं यंत्र आणायचं आहे. जुन्या भावाने त्याने ४,७६० रुपये बाजूला काढून ठेवले आहेत. त्याने सकाळी ऐकलं, ‘रुपया साडेछत्तीस टक्क्यांनी उतरला’. मनात म्हणाला, म्हणजेच यंत्र साडेछत्तीस टक्क्यांनी महागलं. त्याने साधारण १,७४० रुपये आणखी जुळवले आणि ६,५०० रुपये घेऊन निघाला. यंत्राचे होतात ७,५००. हजार रुपये कमी! १९६६ चे हजार रुपये. एका शब्दाने.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. “अहो, एवढं काय त्यात? पाच टक्के इकडे, पाच टक्के तिकडे. व्यवहारात चालायचंच.” या आक्षेपात थोडं तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. आकडा लहान असेल तर खरोखरच चालतं. दोन टक्क्यांनी जास्त असलेल्याच्या उलट १.९६ टक्क्यांनी कमी. त्या चार शतांशांसाठी मी कुणाशी भांडणार नाही. निदान जेवणाआधी तरी नाही. पण ही तफावत आकड्याबरोबर वाढते, आणि रांगत नाही, उड्या मारत वाढते. दहाव्या हिश्श्याने जास्त, तर उलट अकराव्या हिश्श्याने कमी. चौथ्याने जास्त, तर पाचव्याने कमी. निम्म्याने जास्त, तर तिसऱ्याने कमी. शंभर टक्क्यांनी जास्त म्हणजे दुप्पट, आणि त्याच्या उलट पन्नास टक्के, म्हणजे निम्मं. वाढ अशी एकाच हिश्श्यात सांगता येत असेल, तर उलट जाताना खालच्या आकड्यात फक्त एक मिळवायचा, झालं काम. आणि ती तशी सांगता येत नसेल, तर सरळ दोहोंतला फरक घ्यावा आणि मोठ्या रकमेने भागावा. चढताना लहानाने भागायचं, उतरताना मोठ्याने. याहून अवघड काही नाही.

‘चालायचंच’वाल्यांना मी आणखी एक प्रश्न विचारतो. एखादी वस्तू दुसरीपेक्षा २०० टक्क्यांनी जास्त असू शकते. तिप्पट झाली की झालंच. मग ‘म्हणजेच’च्या न्यायाने दुसरी पहिलीपेक्षा २०० टक्क्यांनी कमी. ठीक. माझ्याकडे तीनशे रुपये आहेत आणि तुमच्याकडे शंभर. तीनशेचे दोनशे टक्के म्हणजे सहाशे. तीनशेतून सहाशे वजा करा. म्हणजे तुमच्याकडे शंभर रुपये नाहीतच, उलट तुम्ही तीनशे रुपयांच्या कर्जात आहात! खिशातले शंभर रुपये हाताला लागत असताना माणूस कर्जबाजारी ठरतो, असलं गणित कोणता सावकार लावील? वस्तू वाढायला आकाश मोकळं आहे. घटायला मात्र शंभर टक्क्यांची जमीन आहे; तिथे टेकली की शून्य. तिच्याखाली तळघर नाही. म्हणून चढणीचे टक्के आणि उतरणीचे टक्के एकमेकांची आरशातली रूपं असूच शकत नाहीत.

याला उपाय काय? मी म्हणतो, उपाय आपल्या भाषेतच आहे आणि आपण तो रोज तोंडात घोळवतो. तो म्हणजे ‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्यय. शाळेत त्याचा फारसा मान ठेवला गेला नाही, पण टक्केवारीतला सगळा कायदा त्याच्या हातात आहे. ज्या शब्दाला ‘पेक्षा’ चिकटतं, तो शंभर. बाकी सगळं त्याच्या मापाने. ‘माझ्यापेक्षा’ म्हटलं की शंभर मी. ‘तुझ्यापेक्षा’ म्हटलं की शंभर तू. वाक्य उलटं केलं की ‘पेक्षा’ या घरातून त्या घरात राहायला जातं आणि जाताना शंभराची पाटी बरोबर घेऊन जातं. घर बदललं की भाडं बदलणारच. जुन्याच भाड्यात नव्या घरी राहीन म्हणणाऱ्याला मालक दारात उभा करत नाही.

तेव्हा यापुढे कुणी तुमच्यासमोर नुसता टक्का आणून ठेवला, मग तो पगारवाढीचा असो, सवलतीचा असो की महागाईचा, तर त्याला एकच शब्द विचारा : “कशाच्या?” पंचवीस टक्के, पण कशाच्या? उत्तरादाखल ज्याला चटकन ‘अमक्याच्या’ म्हणता येईल, त्याचा आकडा जरूर घ्या. जो घुटमळेल, त्याला पाणी विचारा, चहा विचारा, पण टक्का त्याच्याकडून घेऊ नका. आणि जो म्हणेल, “कशाच्याही धरा हो, शेवटी एकच,” त्याला आदराने सोळा आणे द्या, पावपट वाढवायला सांगा, मग त्यातून पाव भाग कमी करायला सांगा, आणि हात पुढे करून आपला रुपया परत मागा.